नाडी, ताट आणि वजनाची रेषा

‘अ‍ॅनोरेक्सिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा होतो. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराला हे नाव मिळाले खरे, परंतु ते फसवे आहे. या आजारात भूक असते. ती दाबली जाते. वजन वाढण्याची भीती मनाचा असा ताबा घेते की शरीर खंगत असतानाही आरशात जाडच दिसत राहते. हा आजार बहुधा तेरा ते अठरा या वयात सुरू होतो. मुलींमध्ये तो अधिक आढळतो. मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत.

असे मूल डॉक्टरांपुढे येते, तेव्हा तीन प्रश्न एकामागून एक सोडवावे लागतात. आज, या घटकेला, शरीर सुरक्षित आहे काय? उद्यापासून ताटात किती अन्न असावे? आणि वजन कोठपर्यंत न्यावयाचे? कुटुंबीय बहुधा तिसरा प्रश्न प्रथम विचारतात, तोही ‘किती किलो वाढली म्हणजे बरी झाली?’ या शब्दांत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तिसऱ्याला अर्थ नाही. हे तिन्ही प्रश्न समजून घेण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ते कोणा एका रुग्णाचे नाही; अनेक घरांत जे घडते, ते त्यात एकत्र आणले आहे.

घाऊक किराणा व्यापार करणाऱ्या एका श्वेतांबर कुटुंबातील पंधरा वर्षांची मुलगी. अभ्यासात हुशार, स्वभावाने नेटकी. वर्षापूर्वी कोणीतरी तिच्या अंगकाठीवरून थट्टा केली आणि तिने मिठाई सोडली. घरच्यांना त्यात वावगे वाटले नाही. पुढे तिने विगईत्यागाचा नियम घेतला. तूप गेले, दूध गेले, तळलेले गेले, गूळ-साखर गेली. पर्युषणात तिने अठाई केली. साऱ्या नातलगांनी कौतुक केले. पारणे झाले, पण ताट पूर्वीसारखे भरले नाही. आयंबिल वाढत गेली, एकासणे रोजचे झाले. सात महिन्यांपासून मासिक पाळी बंद होती. जिना दिवसातून वीस-वीस वेळा चढणे-उतरणे चालू होते. आजी म्हणे, ‘नात पुण्यवान आहे, तिची तपश्चर्या मोडू नका.’ आईच्या मनात मात्र शंका होती.

येथे पहिला विवेक करावा लागतो, तो तप आणि आजार यांच्यातील. तपाला आरंभ असतो, पच्चक्खाण असते, अवधी असतो आणि पारण्याचा दिवस असतो. आजाराला पारणे नसते. पारण्याचा दिवस जवळ आला की आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. या मुलीने जे जे सोडले, त्याची यादी आई-वडिलांनी डॉक्टरांपुढे मांडली, तेव्हा त्यातला क्रम स्पष्ट झाला. ज्या पदार्थांत उष्मांक अधिक, ते पदार्थ आधी गेले होते. याहून निर्णायक खूण पुढे मिळाली. कुटुंबाने साध्वीजींना सर्व हकिकत सांगितली. साध्वीजींनी तिला सांगितले की पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेला असतो, तेव्हा तिने निःशंकपणे औषध आणि आहार घ्यावा. तरीही मुलीने तुपाचा थेंब घेतला नाही. गुरूंनी मोकळीक दिल्यावरही जो नियम सुटत नाही, तो नियम धर्माचा नसतो. भीतीने धर्माचे वस्त्र पांघरलेले असते. ही खूण कळल्यावर आजीचाही विरोध मावळला.

वजनापूर्वी नाडी

तपासणीच्या दिवशी मुलीची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ४० किलो भरले. वजनाला उंचीच्या मीटरमधील वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यास बीएमआय म्हणतात. तो १६ आला. या वयाच्या मुलींचा मध्यम बीएमआय सुमारे २० असतो. म्हणजे ही मुलगी मध्यमाच्या ८० टक्क्यांवर होती. रुग्णालयात दाखल करण्यासाठी जे निकष वापरले जातात, त्यांत मध्यमाच्या ७५ टक्के ही एक सीमारेषा आहे. केवळ वजन पाहिले असते, तर तिला गोळ्या आणि सल्ला देऊन घरी पाठवले गेले असते.

डॉक्टरांनी तिला पाच मिनिटे शांत निजवले आणि नाडी मोजली. ती मिनिटाला ४२ ठोके होती. रक्तदाब ९६/६२ होता. मग तिला उभे केले आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजले. नाडी ८४ वर गेली आणि रक्तदाब ७४/५० वर उतरला. अंगाचे तापमान ९५.६ अंश फॅरनहाइट होते. हातपाय गार, बोटांची टोके निळसर आणि पाठीवर बारीक मऊ लव उगवलेली होती.

निकष असे आहेत : दिवसा नाडी ५० च्या खाली किंवा रात्री झोपेत ४५ च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, तापमान ९६ अंशांच्या खाली, उभे राहताच नाडी ४० हून अधिक ठोक्यांनी वाढणे, अथवा वरचा रक्तदाब २० हून अधिक किंवा खालचा १० हून अधिक उतरणे. यांपैकी एकही लक्षण आढळले तरी दाखल करण्याचा विचार करावा लागतो. या मुलीत नाडीचा वेग, तापमान आणि उभे राहिल्यावरचा फरक असे तीन निकष एकदम पूर्ण होत होते.

वडिलांनी विचारले, ‘नाडी मंद असणे चांगले ना, डॉक्टरसाहेब? खेळाडूंची मंद असते, ध्यान करणाऱ्यांचीही असते.’ हा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. धावपटूचे हृदय बळकट असते, म्हणून एका ठोक्यात ते अधिक रक्त ढकलते आणि कमी ठोक्यांत भागवते. उपाशी शरीर मात्र इंधन वाचवण्यासाठी सारे व्यवहार आखडते आणि हृदयाचा स्नायूही झिजू लागतो. दोहोंतील भेद उभे राहण्याच्या चाचणीत उघड होतो. सरावलेले हृदय उभे राहण्याचा भार सहज पेलते. या मुलीची नाडी मात्र दुप्पट झाली आणि तरीही रक्तदाब सावरला नाही.

त्यानंतर रक्ततपासणीचे निष्कर्ष आले. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, साखर, सारे मर्यादेत होते. हृदयाच्या आलेखात मंद गतीखेरीज दोष नव्हता. केवळ बी-१२ जीवनसत्त्व उणे होते. वडिलांना हायसे वाटले. डॉक्टरांनी त्यांना व्यापाराच्याच भाषेत समजावले. गल्ल्यात रोकड दिसत असते, पण ती गोदामातील माल विकून भरलेली असते. गल्ला पाहून पेढीची स्थिती कळत नाही. शरीरही रक्तातील पातळी राखण्यासाठी पेशींतील साठा उपसत राहते. म्हणून या आजारात रक्ताचा अहवाल वाईट असेल तर धोका निश्चित असतो, पण तो चांगला असेल तर धोका नाही असे ठरत नाही.

वजनाच्या काट्याचेही तसेच आहे. वजन सकाळी, लघवी करून आल्यावर, रुग्णालयाच्या एकाच झग्यात घ्यावे लागते. घरच्या कपड्यांत वजन घेतल्यास खिशात नाणी किंवा वजने ठेवलेली सापडतात. वजन भरावे म्हणून मुले पोटभर पाणी पिऊन येतात. लघवीची घनता १.००५ च्या खाली आली, तर पाणी भरून घेतल्याचा संशय धरतात, आणि मग रक्तातील सोडियम पाहणे निकडीचे होते, कारण अती पाण्याने सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. यात मुलीचा अप्रामाणिकपणा पाहू नये. बुडणारा माणूस हात मारतो, तसे भीती तिच्याकडून हे करून घेते.

तपासणीचा एक भाग एकांतात होतो. आई-वडिलांना बाहेर बसवून डॉक्टर तिला उलटी काढण्याविषयी, जुलाबाच्या गोळ्यांविषयी आणि जीव द्यावा असे वाटते काय याविषयी सरळ विचारतात. हे विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. या मुलीने उलट्या किंवा गोळ्या नाकारल्या आणि आत्मघाताचा विचारही नव्हता. जिना चढण्याची गोष्ट मात्र तिनेच सांगितली. त्याच दिवशी तिला दाखल करण्यात आले.

ताटात किती

दाखल होण्यापूर्वी एका नातलगाने सुचवले होते, ‘अशक्तपणा आहे, दोन बाटल्या ग्लुकोज सलाईन लावून घ्या, तरतरी येईल.’ असा सल्ला बाजारपेठेच्या गावांत सर्रास मिळतो आणि या आजारात तो घातक ठरू शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी साखर मिळाली की शरीरात इन्सुलिन उसळते. ते साखरेबरोबर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढून नेते. गोदाम आधीच रिकामे असल्याने रक्तातील पातळी झपाट्याने घसरते. हृदयाची लय बिघडणे, श्वास कमी पडणे, पायांवर सूज येणे, गोंधळलेपण, अशा क्रमाने संकट वाढू शकते. यास पुनर्पोषणाचा विकार म्हणतात. दुबळ्या हृदयावर बाटल्यांतील पाण्याचा भारही पडतो. म्हणून जेथवर गिळता येते तेथवर अन्न तोंडानेच द्यावे, आणि पहिला आठवडा रोज रक्त तपासावे.

या भयापोटी पूर्वी अगदी थोड्या आहाराने आरंभ करीत. दिवसाला १२०० उष्मांक देत आणि हळूहळू वाढवत. परिणामी पहिल्या आठवड्यात रुग्णालयात असतानाच वजन आणखी घटत असे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को आणि स्टॅनफर्ड येथील केंद्रांनी या प्रश्नावर एक तुलना केली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दिवसाला २००० उष्मांकांनी आरंभ करून रोज २०० वाढवले, दुसऱ्याला १४०० पासून एक दिवसाआड २०० वाढवले. पहिल्या गटाची प्रकृती सुमारे तीन दिवस आधी स्थिर झाली, आणि क्षारांचे बिघाड त्या गटात अधिक झाले नाहीत. यात एक मर्यादा ध्यानात ठेवावयाची आहे. हे सारे रोजच्या रक्ततपासणीच्या छायेत झाले होते. ज्यांचे वजन मध्यमाच्या ७० टक्क्यांहूनही खाली गेले आहे किंवा ज्यांचे क्षार आरंभीच बिघडलेले आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर अधिक सावध पावले टाकतात.

या मुलीला पहिल्या दिवशी २००० उष्मांक ठरले, सहा भागांत विभागून. आरंभापासूनच थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिले, कारण साखर पचवताना शरीर ते वेगाने वापरते. पहिल्या दिवशी फॉस्फरस ३.६ होता. तिसऱ्या दिवशी २.९ आणि चौथ्या दिवशी २.६ झाला. दाखल होताना जो अहवाल निर्दोष होता, तोच अन्न सुरू होताच घसरला. गल्ला आणि गोदाम यांचा हिशेब असा उघड झाला. डॉक्टरांनी फॉस्फेटचे औषध तोंडाने सुरू केले, आहार वाढवणे एक दिवस थांबवले, पण आहार कमी केला नाही. सहाव्या दिवशी पातळी ३.४ वर आली आणि वाढ पुन्हा सुरू झाली. दुधात फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून दिवसातून दोनदा दूध हे या काळात अन्न आणि औषध दोन्ही ठरते.

दहाव्या दिवशी दिवसाची नाडी ५६ आणि झोपेतील ४८ होती. उभे राहिल्यावर रक्तदाब टिकत होता, तापमान ९७ च्या वर गेले होते आणि ती ताटातील सर्व अन्न घेऊ लागली होती. बाराव्या दिवशी ४१.५ किलो वजन घेऊन ती घरी गेली. घरी गेली, याचा अर्थ ती बरी झाली असा नव्हे. शरीर आज रात्री सुरक्षित आहे, इतकेच तेव्हा सिद्ध झाले होते.

घरचे ताट आहारतज्ज्ञांनी आईबरोबर बसून ठरवले. दिवसाला सुमारे ३००० उष्मांक हे लक्ष्य होते. घर कंदमूळ न खाणारे आणि चौविहार पाळणारे. कांदा-बटाट्यावाचून इतके उष्मांक कसे जमणार, असा आईचा प्रश्न होता. कंद वर्ज्य असल्याने अडचण येत नाही. अडचण येते ती तूप, दूध आणि सुका मेवा वर्ज्य झाल्याने. ते परत आले की हिशेब जुळतो. एक चमचा तूप ४५ उष्मांकांचे असते आणि पोट न फुगवता ताटात मावते.

सकाळी सातला साखर घातलेले मलईयुक्त दूध आणि दहा बदाम. पावणेनऊला तूप लावलेले पनीरचे दोन पराठे. अकराला केळे आणि शेंगदाण्याची चिक्की. पाऊणला तूप लावलेले तीन फुलके, भाजी, घट्ट वरण आणि तुपासह भात. सव्वातीनला चिकूचे दाट दूध आणि तूप लावलेले दोन खाखरे. साडेपाचला दोन चमचे तुपासह खिचडी, काजू-मटारची भाजी आणि एक फुलका. हिवाळ्यात महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहा वेळचे खाणे अकरा तासांत बसवावे लागते. एक खाणे चुकले तर ते भरून काढायला दिवस उरत नाही. शिवाय संध्याकाळपासून सकाळपर्यंत तेरा तासांचा रिता काळ राहतो, आणि नाडी सर्वांत मंद होते ती याच काळात. म्हणून पहिले काही आठवडे झोपताना एक पेला दूध आवश्यक आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. साध्वीजींनी आगाराची वाट आधीच दाखवली असल्याने कुटुंबाने ते मान्य केले.

ताट आई वाढीत असे, मुलगी नव्हे. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला वीस मिनिटे. त्यानंतर तासभर कोणीतरी तिच्यासोबत बसे, कारण खाल्ल्यावर उठणारी अपराधाची लाट त्या तासात सर्वांत उंच असते. उष्मांकांचे आकडे आईच्या वहीत राहत. मुलीपुढे त्यांचा उच्चार होत नसे. ‘वरणावर तूप नको’ असे ती म्हणाली की आई वाद घालीत नसे. ‘हे औषध आहे, मी जवळ बसले आहे,’ एवढेच म्हणे. सुरुवातीला पोट फुगणे, मळमळ, लवकर पोट भरल्याची जाणीव होई. जठर मंदावलेले असल्याने ती तक्रार खोटी नव्हती. पण त्यावर उपाय ताट कमी करणे हा नव्हता, कारण नियमित अन्नानेच जठराची गती परत येते.

सहाव्या आठवड्यात वजन ४४ वर अडकले. दोन आठवडे काटा हलेना. आईला वाटले, मुलगी अन्न लपवते. क्वचित तसेही असते, आणि रुमालात, खिडकीबाहेर, बेसिनमध्ये पाहणे गैर नाही. येथे मात्र कारण वेगळे होते. उपासमारीत आखडलेले शरीर पुन्हा उघडले की नाडी वाढते, अंग गरम राहते, हाडे-स्नायू भरू लागतात आणि खर्च वाढतो. एक किलो वजन वाढण्यासाठी गरजेहून सुमारे ७००० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोसाठी रोज ५०० अधिक. गरजच वाढली की ते ५०० त्यातच विरून जातात. आहार ३४०० वर नेला, जिन्यावरचा वावर थांबवला, आणि काटा पुन्हा चालू लागला. घरी आठवड्याला अर्धा ते एक किलो ही वाढ योग्य समजतात. दोन आठवडे काटा थांबला तर वाट न पाहता ताट वाढवावे.

रेषा कोणाची

आता तिसरा प्रश्न. मध्यम बीएमआय २० धरला तर १५८ सेंटिमीटर उंचीला ५० किलो येतात. बहुतेक घरे येथेच थांबतात. काही तर ४५ किलोवरच समाधान मानतात, कारण तेव्हा गाल भरलेले दिसतात आणि नातलग ‘छान दिसते’ म्हणू लागतात. डॉक्टरांनी शाळेची आरोग्यपत्रके आणि जुन्या तपासण्यांची कागदपत्रे मागवली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आपल्याकडे पाच ते अठरा वर्षांसाठी वापरले जातात. त्यावर अकराव्या, बाराव्या, तेराव्या वर्षीचे तिचे बिंदू मांडले. ही मुलगी लहानपणापासून मध्यम रेषेच्या सुमारे दहा टक्के वर वाढत आली होती. चौदाव्या वर्षी उंची १५७ आणि वजन ५२ होते. तेव्हा ती निरोगी होती आणि पाळी नियमित होती.

मध्यम रेषा ही सर्व मुलींची सरासरी वाट आहे. या मुलीची वाट तिच्या थोडी वर होती. त्या वाटेने आज तिचा बीएमआय सुमारे २२ असावयास हवा, म्हणजे ५५ किलो. एका आकड्यावर अडून न राहता डॉक्टरांनी ५३ ते ५६ अशी पट्टी ठरवली. वडील चकित झाले. ‘आजारापूर्वी ५२ होती, मग ५५ का?’ कारण मधले वर्ष वाढीचे होते. पंधराव्या वर्षी चौदाव्या वर्षीच्या वजनावर परतणे म्हणजे एक वर्षाचे व्याज सोडून मुद्दल मोजणे. जी मुले पूर्वी बारीक रेषेवर वाढत होती, त्यांच्याबाबत हाच हिशेब उलट दिशेने होतो. त्यांना मध्यमापर्यंत ओढण्याचे कारण नसते. म्हणून दुसऱ्याच्या मुलीचा आकडा कधी उसना घेऊ नये.

वाटचालीचा अवधीही यावरून कळतो. घरी आली तेव्हा ४१.५ किलो, ५५ पर्यंत साडेतेरा किलो. आठवड्याला अर्धा किलो धरला तर सत्तावीस आठवडे, म्हणजे सुमारे सहा महिने. अडथळे धरून आठ. हे आधीच सांगितल्याने कुटुंबाने शाळा, दुकान आणि घरातील मोठ्यांच्या पाळ्या त्यानुसार लावल्या.

ही मजल अर्धवट का सोडू नये, याचे उत्तर शरीराइतकेच मनाकडे आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यांना पूर्वी असा कोणताही आजार नव्हता, तरीही ते अन्नाचाच विचार करू लागले, जेवण तासन्‌तास लांबवू लागले, उदास आणि चिडचिडे झाले, माणसांपासून दूर गेले. या मुलीचे वजनही सुमारे चतुर्थांशाने घटले होते. तिच्या हट्टाचा आणि उदासीचा मोठा भाग उपासमारीनेच उभा केलेला होता, म्हणून वजन परत येण्यापूर्वी उपदेश तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मानसोपचार आरंभापासून चालू होता, पण त्याला बळ आले ते पन्नाशी ओलांडल्यावर.

५० किलोवर पाळी आली नाही, तेव्हा कोणीतरी संप्रेरकाच्या गोळ्या सुचवल्या. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण तो गोळ्यांनी घडवलेला असतो. त्याने हाडांची झीज थांबत नाही आणि वजन पुरेसे झाल्याचा खोटा दाखला मात्र मिळतो. डॉक्टरांनी नकार दिला. ५४ किलोवर, त्यानंतर दोन महिन्यांनी, पाळी आपोआप आली. शरीराने स्वतः दिलेला तो दाखला होता. मुलांच्या बाबतीत हा दाखला नसतो. तेथे उंचीची वाढ, आवाज आणि यौवनाची इतर चिन्हे पाहावी लागतात.

पट्टी गाठल्यावरही ती स्थिर राहत नाही. अठराव्या वर्षापर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजून लक्ष्य पुन्हा ठरवावे लागते. या मुलीची उंची आणखी दोन सेंटिमीटर वाढली आणि लक्ष्य ५७ झाले. दुकानाचा जुना भाव नव्या मालाला लावीत नाहीत, तसेच हे.

पुढील पर्युषणाचा प्रश्न मुलीनेच विचारला. डॉक्टरांचे उत्तर निःसंदिग्ध होते : वजन पट्टीत, पाळी नियमित आणि अन्नाची भीती शांत, असे दीर्घकाळ टिकेपर्यंत उपवास, आयंबिल किंवा एकासणे नाही, या आजारात एक छोटा उपवासही जुन्या वाटेचे दार उघडू शकतो. साध्वीजींनी तिला तपाच्या बारा प्रकारांची आठवण करून दिली. त्यांतील सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. स्वाध्याय आणि वैयावृत्त्य यांना उपाशी पोट लागत नाही. त्या वर्षी तिने आजीला रोज एक तास ग्रंथवाचन करून दाखवण्याचा नियम घेतला. वाचन सुरू होण्यापूर्वी सव्वातीनचे चिकूचे दूध संपवावयाचे, असे आईने त्या नियमाला जोडले, आणि मुलीने ते मान्य केले.